विहिरीत बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेणं जीवावर का बेततं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावच्या विहिरी पोरांनी भरून जातात. आधी नुसतं पोहणं होतं, मग सूर मारणं होतं, आणि दुपार कलली की पैजा सुरू होतात. तळाची माती कोण वर आणतो, पाण्याखालून विहिरीच्या किती खेपा कोण मारतो, कुणाचा दम जास्त टिकतो. अशा पैजेच्या आधी एक गोष्ट हमखास दिसते. बुडी मारणारा काठावर किंवा पायरीवर उभा राहून वीस-तीस वेळा जोरजोरात, खोल श्वास घेतो आणि सोडतो. लोहाराच्या भात्यासारखी छाती हलते. मग शेवटचा मोठा श्वास भरून तो पाण्यात जातो. असं केल्यानं छातीत प्राणवायू भरून घेता येतो आणि दम वाढतो, असं सगळे सांगतात.

दम वाढतो हे खरं आहे. पाण्याखाली जास्त वेळ राहता येतं, हा अनुभव कुणी खोटा म्हणणार नाही. पण तो कशामुळे वाढतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि सगळा धोका तिथंच आहे.

श्वास घ्यावासा का वाटतो?

नाक दाबून बसलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात छातीत कालवाकालव सुरू होते. पोट आपोआप आत-बाहेर होऊ लागतं, आणि शेवटी तोंड उघडल्याशिवाय राहवत नाही. अंगातला प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन, संपत आला म्हणून ही तगमग होते असं आपण धरून चालतो. तसं नाही. त्या वेळी ऑक्सिजन अजून बराच शिल्लक असतो.

शरीर ऑक्सिजन वापरतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि श्वास सोडताना आपण तो बाहेर टाकतो. श्वास कोंडला की तो रक्तात साठत जातो. मेंदूच्या खालच्या भागात, मानेच्या वर, श्वासावर लक्ष ठेवणारी जागा आहे. ती मुख्यतः या साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवते. तो ठरावीक पातळीच्या वर गेला की ती जागा हुकूम सोडते : श्वास घे. हल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटनमधल्या दोन शास्त्रज्ञांनी १९०५ साली हे दाखवून दिलं. एरवी आपण किती श्वास घ्यायचा हे ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइडवरच ठरतं.

ऑक्सिजन कमी झाल्याची जाणीव शरीराला अजिबात होत नाही असं नाही. मानेतल्या रक्तवाहिन्यांजवळ त्यासाठीही एक व्यवस्था आहे. पण ती उशिरा जागी होते, आणि कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर तिचा आवाज फारच बारीक पडतो. जोरात दचकवणारी घंटा कार्बन डायऑक्साइडचीच.

गावाकडच्या जुन्या मोटारसायकलीचं उदाहरण घेऊ. अनेकांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा बंद पडलेला असतो. मग टाकी भरली की किलोमीटरचा छोटा आकडा शून्यावर आणायचा आणि त्यावरून अंदाज बांधायचा. दोनशे-अडीचशे झाले की पंप गाठायचा. हा हिशेब वर्षानुवर्षं बरोबर चालतो. आता समजा, कुणी टाकीत पेट्रोल न टाकताच तो आकडा शून्य केला. आकडा सांगणार, अजून बरंच जाता येईल. गाडी मात्र मध्येच रस्त्यात बंद पडणार.

श्वासाचंही तसंच आहे. कार्बन डायऑक्साइड हा तो किलोमीटरचा आकडा आणि ऑक्सिजन हे पेट्रोल. शरीर आकड्यावरून पेट्रोलचा अंदाज बांधतं. एरवी दोघांचा मेळ बसतो, म्हणून घंटा वेळेवर वाजते. काठावर उभं राहून भराभर श्वास घेतले की आकडा शून्यावर येतो, शून्याच्याही मागे जातो. टाकीत मात्र जवळजवळ काहीच पडत नाही.

ऑक्सिजन का भरला जात नाही?

कोरोनाच्या काळात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर गावागावात पोचलं. आशाताईंनी घरोघर जाऊन आकडे घेतले. तब्येत ठीक असलेल्या माणसाचा आकडा पंच्याण्णवच्या वर, बहुतेक वेळा ९७-९८ यायचा, हे आता सगळ्यांना पाठ आहे. या आकड्याचा अर्थ असा, की रक्तातल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या शंभर जागांपैकी ९७-९८ आधीच भरलेल्या आहेत. पोतं भरलेलंच आहे, वर फार तर ओंजळभर मावेल. जोरजोरात श्वास घेऊन आकडा ९९ होईल, १०० होईल. त्यापुढे जागाच नाही.

फुप्फुसात मात्र थोडा फरक पडतो. आतली हवा ताजी झाल्यानं तिथं साधारण पाव लिटर ऑक्सिजन जास्त बसतो. नुसतं पडून राहणाऱ्याला तो बऱ्यापैकी पुरेल. पण पाण्याखाली जोर लावून हातपाय मारणारं शरीर मिनिटाला एक-दीड लिटर ऑक्सिजन खातं. त्या हिशेबानं ही शिदोरी दहा-पंधरा सेकंदांची. घंटा मात्र त्याहून कितीतरी जास्त पुढे ढकललेली असते. ऑक्सिजन वाढतो चिमूटभर, घंटा मागे जाते मैलभर, आणि या दोन्हींच्या मधल्या फटीत माणूस बेशुद्ध पडतो.

भराभर श्वास घेताना ओठांना, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, कधी बोटं वाकडी होऊ लागतात. पोरांना वाटतं, ऑक्सिजन चढला. खरं तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार कमी झाल्याची ती खूण आहे. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूला रक्त कमी पोचू लागतं. म्हणजे बुडी मारण्याआधीच मेंदूचा रतीब कमी केलेला असतो. डोकं हलकं होतं ते त्यामुळं.

एकाच पोराच्या दोन बुड्या

आता एक हिशेब मांडून पाहू. रक्तातल्या या वायूंचं प्रमाण डॉक्टर दाबाच्या आकड्यात मोजतात, रक्तदाबाच्याच मापात. निरोगी माणसाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड ४० च्या आसपास आणि ऑक्सिजन १०० च्या आसपास असतो. कार्बन डायऑक्साइड पन्नाशीच्या पुढे गेला की दम धरवत नाही. ऑक्सिजन तिशीला आला की शुद्ध हरपते. पुढचे आकडे ढोबळ आहेत आणि समजण्यापुरते आहेत. माणसागणिक त्यात फरक पडतो.

तीस फूट रुंदीची विहीर आहे. सतरा-अठरा वर्षांचा धडधाकट पोरगा पाण्याखालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खेपा मारतो. एका खेपेला वळण धरून पंधरा सेकंद लागतात.

पहिल्या वेळी तो नेहमीसारखा एक मोठा श्वास घेऊन जातो. कार्बन डायऑक्साइड ४० पासून चढायला लागतो. तिसरी खेप संपता संपता, म्हणजे पाऊण मिनिटाला, तो ५० ओलांडतो. छाती फुटायला येते आणि पोरगा वर येऊन धापा टाकतो. त्या क्षणी त्याचा ऑक्सिजन साठच्या घरात आहे. बेशुद्धीपासून तो अजून बराच लांब आहे. घंटा वेळेवर वाजली.

थोड्या वेळानं मित्र चिडवतात, तीनच का? आता तो तीस वेळा भराभर श्वास घेतो. कार्बन डायऑक्साइड ४० वरून २२-२५ वर उतरतो. ऑक्सिजन शंभराच्या थोडा वर जातो. पोरगा बुडी मारतो. पाऊण मिनिटाला तिसरी खेप संपते, तरी कार्बन डायऑक्साइड जेमतेम ३८-३९. पाण्यात उतरण्याआधी एरवी असतो त्याहूनही कमी! छातीत काहीच होत नाही. उलट मजा वाटते, आज दम भारी आहे. ऑक्सिजन मात्र तोवर साठ-पासष्टवर आलेला आहे.

चौथी खेप. एक मिनिट. कार्बन डायऑक्साइड ४३-४४, किंचित तगमग. ऑक्सिजन ४५. इथून पुढे घसरण अंगावर येते, कारण रक्तातला साठा आता झपाट्यानं रिकामा होत असतो. पोरगा पाचव्या खेपेला वळतो, कारण त्याला अजून जमेल असं मनापासून वाटतं. सव्वा मिनिटाच्या सुमारास कार्बन डायऑक्साइड ४८ वर पोचतो, घंटा वाजायला अजून थोडा अवकाश आहे. ऑक्सिजन तिशीला टेकतो. दिवा विझावा तशी शुद्ध जाते.

या दोन बुड्यांमध्ये पोरगा तोच, विहीर तीच, जोरही तेवढाच. दुसऱ्या वेळी त्यानं हट्ट केला, तगमग दाबून धरली, असंही नाही. त्याला तगमग झालीच नाही. म्हणून तर चांगले पोहणारे यात जातात. नवशिक्या घाबरून लवकर वर येतो. पोहण्यात तरबेज असलेल्या पोराच्या मरणानंतर लोक म्हणतात, अहो, तो तर मासळीसारखा पोहायचा, बुडेल कसा? मग विहिरीतल्या भुताटकीवर बोट जातं, नाहीतर पायाला पेटका आला असेल असा अंदाज निघतो.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथले डॉक्टर अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ साली, पाण्याखाली पोहताना बेशुद्ध पडलेल्या माणसांवर अभ्यास छापला. त्यातून वाचलेल्यांशी बोलल्यावर हेच चित्र पुढे आलं. बुडीआधी भराभर श्वास घेतलेले, काही तरी पल्ला गाठायचा ठरवून उतरलेले, आणि शुद्ध जाताना फारसा इशारा न मिळालेले. नंतर १९७६ मध्ये त्यांनी अशा ५८ घटनांचा आढावा घेतला. ही माणसं पोहणं न येणारी नव्हती.

खोल विहिरीत आणखी एक फास

पाणी खोल असेल तर यात भर पडते. पाण्याच्या साधारण ३३ फुटांखाली दाब वरच्या दुप्पट असतो. छातीतली हवा तिथं दाबली जाते, त्यामुळं तिच्यातला ऑक्सिजन रक्तात जोरानं ढकलला जातो. तळाशी असताना माणसाला ठीक वाटतं, ते या उसन्या जोरामुळं. वर येऊ लागला की दाब कमी होतो आणि ऑक्सिजनचा जोरही ओसरतो. तळाशी ऑक्सिजनचा दाब ५० असेल, तर वर पोचेपर्यंत खर्च न धरताही तो निम्म्यावर येतो. म्हणून तळाची माती घेऊन निघालेला माणूस पाण्याच्या शेवटच्या दहा-पंधरा फुटांत, कधी तर डोकं वर काढल्यावर, बेशुद्ध होतो. पाहणाऱ्यांना वाटतं, आता आलाच की.

हे पोरांच्या खेळापुरतं नाही. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गाळात अडकला, दोर तुटून बादली-कळशी तळाला गेली, की शेतकरी स्वतःच बुडी मारतो. पहिल्या बुडीत काम होत नाही. वर येऊन तो घाईघाईनं श्वास घेतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. एका बुडीतून शरीर पुरतं सावरायच्या आत दुसरी, आणि दर वेळी मधे ते भराभर श्वास. चौथ्या-पाचव्या बुडीला काम हाताशी आलेलं असतं, लाईट जायची वेळ झालेली असते, आणि तो थोडा जास्त थांबतो. विहिरीवर बहुतेक वेळा दुसरं कुणी नसतं.

एक खुलासा इथं करायला हवा. जुन्या, बंद किंवा कोरड्या पडत चाललेल्या विहिरीत उतरताच गुदमरून माणसं जातात, तो प्रकार वेगळा. तिथं विहिरीतली हवाच खराब असते. इथं आपण बोलतोय ते स्वच्छ हवा आणि चांगलं पाणी असलेल्या विहिरीबद्दल.

मोबाईलवर श्वासाच्या व्यायामाचे व्हिडिओ भरपूर फिरतात. आधी तीस-चाळीस मोठे श्वास, मग दम रोखणं, आणि खाली किती मिनिटं रोखला त्याचा आकडा. भस्त्रिका, कपालभाती ही आपल्याकडची नावंही सगळ्यांना माहीत आहेत. जमिनीवर बसून केलेल्या व्यायामात कुणी बेशुद्ध पडलं तर शरीर आपोआप श्वास घेतं आणि माणूस काही सेकंदांत उठून बसतो. पाण्याखालीही शरीर तेच करतं. बेशुद्ध झाल्यावर थोड्याच वेळात श्वास घ्यायला तोंड उघडतं, आणि छातीत हवेऐवजी पाणी जातं. म्हणून हे व्यायाम करून लगेच पाण्यात उतरू नये, आणि पाण्यात उभं राहून तर मुळीच करू नये.

घरी ऑक्सिमीटर लावून दम रोखून बघू, असंही काहींच्या मनात येईल. त्याचा उपयोग नाही. बोटाचा आकडा प्रत्यक्षाच्या बराच मागून येतो. तो ९५ दाखवत असतानाच आतलं चित्र बदललेलं असू शकतं.

काठावरच्याला काय दिसतं?

बुडणारा माणूस हातपाय आपटेल, ओरडेल, अशी आपली समजूत असते. या प्रकारात तसं काही होत नाही. हात मारणं मंदावतं किंवा मधेच थांबतं. तोंडातून एकदम बुडबुडे येतात. कधी शरीर थोडं थरथरतं. मग तो पालथा तरंगतो, नाहीतर सावकाश खाली जातो. नदीत, पोहण्याच्या तलावात हे निदान दिसतं. विहिरीच्या हिरव्या पाण्यात चार फुटांखालचं दिसत नाही, आणि वरचे मित्र तोंडानं सेकंद मोजत, शिट्ट्या वाजवत असतात. पैज जितकी लांबते तितका त्यांचा उत्साह वाढतो, आणि नेमकी तीच मिनिटं हातची जातात. ऑक्सिजनविना मेंदूला चार-पाच मिनिटांत कायमची इजा होऊ लागते.

ज्याला बुडी मारायचीच आहे, त्यानं आधी दोन-तीन मिनिटं शांत उभं राहून नेहमीसारखा श्वास घ्यावा. मग एकच मोठा श्वास घेऊन जावं. तगमग पहिल्यांदा जाणवली की वर यावं, तिला दाबू नये. भराभर श्वास न घेताही जिद्दीनं तगमग दाबत राहिलं तर शुद्ध जाऊ शकते. दोन बुड्यांच्या मधे, बुडीला लागला त्याच्या दुप्पट तरी वेळ निवांत श्वास घ्यावा. पैज लावायचीच असेल तर ती काठावरून सूर मारण्याची लावावी, दम रोखण्याची नको. फूटव्हॉल्व्ह काढायचा असेल तर दोर-कप्पी लावून पाईप वर ओढणं वेळखाऊ आहे, चार माणसं लागतात, पण त्यासाठी कुणाला पाण्याखाली जावं लागत नाही.

काठावर पोहता येणारा एक माणूस नुसता पाहायला हवा. त्यानं पैजेत भाग घ्यायचा नाही आणि मोबाईलवर शूटिंगही करायचं नाही. बुडी मारणारा वर आला म्हणजे झालं, असंही नाही. पहिला श्वास छातीत गेल्यावर तो ऑक्सिजन मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात तो पुन्हा खाली जाऊ शकतो. म्हणून वर आल्यावर अर्धा मिनिट त्यानं पायरी किंवा दोर धरून राहावं आणि पाहणाऱ्यानं नजर हटवू नये.

बेशुद्ध माणसाला वर काढलं की त्याचं तोंड लगेच पाण्याच्या वर आणायचं. पुष्कळ जण एवढ्यानंच श्वास घेऊ लागतात. श्वास नसेल तर उताणं सपाट झोपवून हनुवटी वर उचलायची, नाक चिमटीत धरायचं आणि तोंडाला तोंड लावून छाती वर येईल असे पाच श्वास द्यायचे. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० वेळा जोरात दाबायचं, मग दोन श्वास, पुन्हा ३० वेळा दाब. दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन लावायचा. आपल्याकडे अजूनही बुडालेल्याला पाठीवर घेऊन गोल फिरवतात, पोट दाबून पाणी काढत बसतात. त्यानं पोटातलं पाणी छातीत जाण्याची भीती असते आणि श्वास द्यायची वेळ वाया जाते. माणूस शुद्धीवर येऊन बोलायला लागला, मी बरा आहे म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच. छातीत पाणी गेलं असेल तर काही तासांनी धाप लागू शकते.